कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला कॅम्पस ड्राइव्हसाठी पत्र कसं लिहायचं: रोल, पगार आणि तारखा

मी चाकणमधल्या एका मशीनिंगच्या कंपनीत एचआर बघते. मोठी कंपनी नाही, गाड्यांच्या इंजिनाला आणि ब्रेकला लागणारे पार्ट बनवतो, दरवर्षी पाच-सहा इंजिनिअर फ्रेशर लागतात. मोठ्या कंपन्यांना कॉलेजं स्वतः बोलावतात, आमच्यासारख्यांना विचारावं लागतं, आणि कसं विचारायचं हे कुणी शिकवत नाही. मी पहिल्या वर्षी आठ कॉलेजांना एकच मेल पाठवला होता, त्यात लिहिलं होतं की आम्हाला मेकॅनिकलचे फ्रेशर हवेत, पगार इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे, कृपया सोयीची तारीख कळवा. आठपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. मला वाटलं छोट्या कंपनीला विचारत नाहीत. मग एका कॉलेजच्या टीपीओ म्हणजे प्लेसमेंट ऑफिसर सरांना सरळ फोन लावला, ते म्हणाले, "मॅडम, तुमचा मेल आलाय, पण मी पोरांच्या ग्रुपवर टाकू काय? पगार किती, काम काय, कधी येणार, यातलं काहीच नाही त्यात."

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण टीपीओंना पत्र लिहितो असं आपल्याला वाटतं, पण ते तसंच्या तसं फायनल इयरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं आणि पोरं त्याच्यावरून ठरवतात नाव द्यायचं की नाही. म्हणून आता मी पत्र लिहिताना एकच कसोटी लावते, टीपीओ सरांना मला परत एकही फोन न करता पोरांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. खाली जे सांगतेय ते सगळं त्या कसोटीवरच आहे.

पत्राच्या आधी कंपनीत काय पक्कं करायचं

आधी आकडा. प्रॉडक्शन हेड म्हणणार दहा पोरं द्या, क्वालिटीवाले म्हणणार चार द्या, आणि मालकांकडे फाइल गेली की होणार सहा. हे सगळं कॉलेजला कळवण्याच्या आधी होऊ द्या, आणि सहा म्हणजे सहा हे मेलवर लेखी घ्या, तोंडी नको. एका वर्षी आम्ही दहा जागा सांगून गेलो आणि तिघांनाच घेतलं, कारण मधल्या काळात एका कस्टमरचं शेड्यूल कमी झालं. पुढच्या वर्षी त्या टीपीओंनी आम्हाला फेब्रुवारीतली तारीख दिली, म्हणजे चांगली पोरं सगळी लागून गेल्यावरची. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी ६०-७० पोरं आमच्यासाठी दिवसभर बसवून ठेवली होती.

हे नीट समजून घ्या, कारण बऱ्याच कॉलेजांत एक विद्यार्थी एक नोकरी असा नियम असतो. तुमच्याकडे सिलेक्ट झालेल्या पोराला पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत, फार तर पगार बराच जास्त असेल अशा एखाद्या कंपनीची सूट देतात. म्हणजे तुम्ही नाव जाहीर केलंत की त्याचे बाकीचे दरवाजे बंद झाले. मग तुम्ही नंतर मागे हटलात तर त्याचं वर्ष वाया. त्यामुळे जेवढ्या जागांचा पगार तुमच्या बजेटमध्ये बसलाय तेवढ्याच लिहा.

दुसरी गोष्ट जॉइनिंगची तारीख. कॅम्पस ऑगस्टमध्ये, फायनलची परीक्षा मे-जूनमध्ये, मग रिझल्ट, म्हणजे पोरगं तुमच्याकडे येणार पुढच्या जुलैत. प्रॉडक्शन हेडला हे आधीच सांगा, नाहीतर ते सप्टेंबरात विचारतात कुठे आहेत माझी पोरं. लगेच माणूस हवा असेल तर कॅम्पस हा रस्ताच नाही, तिथे पासआउट बॅच बघावी लागते.

रोल: पदाचं नाव नको, दिवस सांगा

ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी हे पदाचं नाव सगळेच लिहितात आणि त्यातून पोराला काहीच कळत नाही. तो जॉइन होतो आणि तिसऱ्या दिवशी कळतं की तीन शिफ्ट आहेत, उभं राहून काम आहे, हाताला कूलंट लागतं, मग महिन्यात सोडून जातो. आमच्याकडे एका बॅचचे पाचपैकी तीन दिवाळीपर्यंत गेले होते, आणि तिघांनीही जाताना हेच सांगितलं की असं असेल हे माहिती नव्हतं. त्यानंतर मी रोल लिहिताना शॉपवर जाऊन लाइन इंजिनिअरला विचारलं की तुझा दिवस कसा जातो, आणि तेच लिहिलं.

प्रॉडक्शनवाल्याचं असं आहे: शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं मागच्या शिफ्टकडून लाइन ताब्यात घ्यायची, सीएनसी आणि व्हीएमसीवर पहिला पीस चेक करून घ्यायचा, दर तासाचं प्रॉडक्शन बोर्डवर लिहायचं, रिजेक्शन आलं तर मशीन थांबवून कारण शोधायचं, टूल कधी बदलला त्याची नोंद ठेवायची. क्वालिटीवाल्याचं वेगळं: ड्रॉइंग वाचायचं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेजवर पीस मोजायचा, पहिले सहा महिने झाले की सीएमएमवर बसायचं, कस्टमरची तक्रार आली की सीनिअरबरोबर तिथे जायचं. हे दोन्ही मेकॅनिकलच्याच पोरांना चालतं पण माणूस वेगळा लागतो, म्हणून एका पत्रात दोन रोल असले तरी जागा वेगवेगळ्या लिहायच्या, ४ आणि २ असं. नुसतं ६ लिहिलं की सगळ्यांना वाटतं आपल्याला क्वालिटीच मिळणार.

आणि एक, पत्रात फक्त मुलं हवीत असं लिहू नका. काही ठिकाणी अजून लिहितात. भरतीत बाई म्हणून वगळणं कायद्याने चालत नाही. तुमच्याकडे मुलींना रात्रपाळी देत नसाल किंवा देत असाल तर बसची सोय काय आहे ते लिहा, ठरवणं मुलीवर सोडा. आमच्या क्वालिटीत सध्या ज्या दोघी आहेत त्या दोघी अशाच पत्रावरून आल्यात.

निकषांमध्ये दहावीपासून सगळीकडे ६० टक्के असं सरसकट लिहायची सवय आहे, ती मी सोडली. दहावीला ५८ टक्के असलेला पण डिप्लोमा करून डिग्रीला आलेला पोरगा शॉपवर बऱ्याचदा सगळ्यात चांगला निघतो, कारण त्याने वर्कशॉप हातून केलेलं असतं. मी आता फक्त डिग्रीची अट ठेवते आणि लिहिते की ड्राइव्हच्या दिवशी जास्तीत जास्त एक विषय राहिलेला चालेल पण जॉइनिंगपर्यंत तो सुटला पाहिजे. बॅकलॉगबद्दल काहीच नाही लिहिलं तर टीपीओंना पहिले दहा फोन त्याचेच येतात.

पगार: सीटीसी आणि हातात किती, दोन्ही लिहा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून हे आकड्यांनी सांगते. आमच्या प्रॉडक्शन ट्रेनीचं यंदाचं असं आहे. बेसिक आणि डीए मिळून १५,०००, घरभाडं भत्ता ५,०००, इतर भत्ता ४,०००, म्हणजे महिन्याचा ग्रॉस २४,०००. कंपनी त्यावर पीएफ भरते १,८००, ग्रॅच्युइटी धरते साधारण ७२०. झाले २६,५२०. गुणिले बारा, ३,१८,२४०. त्यात वर्षाचा बोनस १५,००० धरला की ३,३३,२४०. हा झाला आपला ३.३३ लाखांचा सीटीसी, म्हणजे त्या पोरावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च.

आता पोरगं काय करतं, ३.३३ लाखाला बाराने भागतं आणि घरी सांगतं महिन्याला पावणेअठ्ठावीस हजार. पहिल्या महिन्यात खात्यात येतात २२,०००, कारण ग्रॉस २४,००० मधून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. मुलींना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात २२,२००. बोनस वर्षातून एकदा, ग्रॅच्युइटी तर नोकरी सोडताना आणि तीही अटी पूर्ण झाल्या तरच. पोराला वाटतं कंपनीने फसवलं, टीपीओ सरांना फोन जातो, आणि ते पुढच्या वर्षी आपल्याला तारीख देताना विचार करतात. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं, फक्त दुसरा आकडा लिहायचा राहिलेला असतो.

त्यामुळे पत्रात दोन आकडे शेजारीशेजारी, सीटीसी ३.३३ लाख, दरमहा हातात सुमारे २२,०००. कॅन्टीन किंवा बसचे पैसे कापत असाल तर तेही तिथेच, आमच्याकडे कापत नाहीत.

रेंजचं काय. ३ ते ५ लाख अशी रेंज लिहिली की प्रत्येक पोरगं ५ ऐकतं. रेंज द्यायची असेल तर खालचा आकडा कुणाला आणि वरचा कुणाला ते त्याच वाक्यात आलं पाहिजे. आमची रेंज ३.३३ ते ३.५७ लाख आहे, ३.३३ प्रॉडक्शनला, ३.५७ क्वालिटीला, कारण क्वालिटीला ड्रॉइंगची वेगळी टेस्ट पास व्हावी लागते. क्वालिटीचा ग्रॉस २६,०००, हातात २४,०००. मुलाखतीत घासाघीस करून बदलणारा आकडा फ्रेशरला लावू नका, एकाच वर्गातल्या दोन पोरांना एकाच कामाचे वेगळे पैसे दिले की ते संध्याकाळी बसमध्येच कळतं.

डिप्लोमाची पोरं घेत असाल तर त्यांचं पत्र वेगळं करा. त्यांचा ग्रॉस समजा १९,५०० असेल तर तो २१,००० च्या आत येतो म्हणून ईएसआय लागू होतो, पोराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, हातात येतात साधारण १७,३५०. आणि त्यांच्याबाबतीत खरी अडचण पगाराची नसते, डायरेक्ट सेकंड इयरची असते. ऑफर घेतात, जूनमध्ये जॉइन पण होतात, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी लागली की निम्मे निघून जातात. त्यांना दोष नाही, शिकायचं असेल तर शिकावं. पण टीपीओंना आधीच सांगायचं की डिग्रीला जायचं नक्की असलेल्यांनी नाव देऊ नये, आणि वेटिंग लिस्ट ठेवायची.

बाँड असेल तर तो पगाराच्या खालीच लिहा, किती महिने आणि सोडलं तर किती रक्कम. ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेणं, डिपॉझिट मागणं हे कुठल्याही परिस्थितीत करू नका. अप्रेंटिसशिपवर घेणार असाल तर तसंच लिहा, त्याला नोकरी म्हणू नका, कारण त्यात स्टायपेंड असतो, पीएफ नसतो आणि मुदत संपल्यावर कायम करायचं बंधन नसतं.

तारखा: तीन द्या आणि कॅलेंडर बघून द्या

"आपल्या सोयीची तारीख कळवा" हे नम्र वाटतं पण टीपीओंना ते कामाला लावणं असतं. दोन-तीन ठोस तारखा दिल्या तर ते फक्त हो-नाही म्हणतात.

आमचं गणित सांगते. चाकण-भोसरी पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे प्रॉडक्शन हेडला लाइन सोडून आणायचं असेल तर गुरुवारच, आणि त्याला त्या बदल्यात दुसरी सुट्टी द्यायची हे आधी कबूल करायचं. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, तेव्हा कुणी हलत नाही. कॉलेजच्या बाजूने बघायचं तर पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत पहिल्या सत्रात इन-सेम म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा असते, नोव्हेंबर-डिसेंबरात ओरल, प्रॅक्टिकल आणि एंड-सेम, त्या काळात हॉल पण मिळत नाही आणि पोरं पण येत नाहीत. शिवाय २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला गणपती बसतात, आणि ८ नोव्हेंबरला दिवाळी. हे सगळं मांडल्यावर आमच्याकडे उरले दोन गुरुवार, २० ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर, आणि अगदीच नाही जमलं तर १८ ऑगस्ट, मंगळवार. एवढंच पत्रात लिहिलं. पत्र गेलं पाहिजे निदान पाच आठवडे आधी, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात.

पत्राच्या आधी एक फोन करा, दोन मिनिटांचा, फक्त एवढंच विचारा की इन-सेम कधी आहे आणि पत्र कुणाच्या नावाने पाठवू. बऱ्याच कॉलेजांत टीपीओंच्या हाताखाली मेकॅनिकलचे वेगळे कोऑर्डिनेटर सर असतात, खरं काम तेच करतात, त्यांना कॉपीत ठेवायचं.

पत्र असं

आम्ही इंग्रजीत पाठवतो, इथे मराठीत देते. विषयाच्या ओळीतच सगळं यायला हवं कारण टीपीओ मोबाइलवर तेवढंच बघतात.

> विषय: कॅम्पस ड्राइव्हची विनंती, बीई मेकॅनिकल २०२७ बॅच, ६ जागा, ३.३३ ते ३.५७ लाख, प्रस्तावित २० ऑगस्ट किंवा ३ सप्टेंबर २०२६
>
> माननीय प्लेसमेंट ऑफिसर सर,
>
> आपलं आज सकाळी फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे. आमची कंपनी चाकण एमआयडीसीत आहे, आम्ही इंजिन आणि ब्रेकचे मशीन केलेले पार्ट बनवतो. आपल्या कॉलेजमध्ये २०२७ बॅचसाठी कॅम्पस ड्राइव्ह घ्यायची विनंती आहे.
>
> जागा: प्रॉडक्शन ट्रेनी ४, क्वालिटी ट्रेनी २. मुलं आणि मुली दोघांनाही खुल्या. दोन्ही कामं कारखान्यात उभं राहून करायची आहेत. कामाचा रोजचा तपशील सोबत जोडला आहे.
>
> पात्रता: बीई मेकॅनिकल, डिग्रीला सरासरी ६० टक्के किंवा तेवढा सीजीपीए, ड्राइव्हच्या दिवशी जास्तीत जास्त १ बॅकलॉग, जॉइनिंगपर्यंत शून्य.
>
> पगार: प्रॉडक्शन सीटीसी ३.३३ लाख, दरमहा हातात सुमारे २२,०००. क्वालिटी सीटीसी ३.५७ लाख, दरमहा हातात सुमारे २४,०००. बाँड नाही. १ वर्ष ट्रेनिंग, त्यानंतर कामगिरी बघून कायम.
>
> शिफ्ट: प्रॉडक्शनला आठवड्याने बदलणाऱ्या ३ शिफ्ट, क्वालिटीला पहिली आणि दुसरी. बस निगडी, भोसरी आणि राजगुरुनगरहून. राहण्याची सोय कंपनीची नाही.
>
> तारीख: २० ऑगस्ट (गुरुवार), नाहीतर ३ सप्टेंबर (गुरुवार), अगदीच गरज पडल्यास १८ ऑगस्ट (मंगळवार). सकाळी १० ते सायंकाळी ५.३०.
>
> टप्पे: माहिती, ४५ मिनिटांची लेखी परीक्षा, मुलाखत. निकाल त्याच दिवशी. ऑफर लेटर १० दिवसांत. जॉइनिंग ५ जुलै २०२७.
>
> आमच्याकडून ४ जण येतील. आम्हाला १ हॉल, मुलाखतीला २ खोल्या आणि प्रोजेक्टर लागेल. आपला जॉब नोटिफिकेशन फॉर्म असेल तर पाठवा, दोन दिवसांत भरून देते. तारीख २४ जुलैपर्यंत कळली तर इकडे माणसं मोकळी करता येतील.

मेल कंपनीच्या डोमेनवरूनच जाऊ द्या, जीमेलवरून नको. फ्रेशरकडून पैसे उकळणाऱ्या बनावट कंपन्यांचा टीपीओंना खूप अनुभव आहे, म्हणून लेटरहेडवरचं सहीचं पत्र आणि जीएसटी सर्टिफिकेट मी न मागता जोडते. एका मेलमध्ये पाच कॉलेजांना कॉपी करू नका, प्रत्येकाला वेगळं.

चार दिवसांत उत्तर नाही आलं तर परत मेल नको, फोन करा, सकाळी अकराच्या सुमारास, कारण दुपारनंतर सर लेक्चरला किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये असतात. तारीख मिळाली की लगेच मेलवर पक्की करून घ्या आणि तीच तारीख प्रॉडक्शन हेडच्या कॅलेंडरला टाका.

त्या दिवशीचं गणित आणि नंतरचं

७० पोरं आली असं धरा. दहाला माहिती, पावणेअकराला संपते, अकरा ते पावणेबारा लेखी, आम्ही २५ प्रश्न देतो, त्यातले ५ ड्रॉइंगचे. पेपर जेवायच्या आत तपासून सव्वाला २४ नावं लावायची. दीडला दोन टेबलं सुरू, एका टेबलावर १२ जण, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे साडेचार. सव्वापाचला यादी. हे एवढं जमतं कारण दोन टेबलं आहेत, एकच पॅनल घेऊन गेलात तर २४ जणांना सहा तास लागतील आणि गावाकडची शेवटची एसटी चुकलेली पोरं तुमच्यामुळे हॉस्टेलवर कुठेतरी झोपतील. माणसं कमी असतील तर १२ च नावं लावा.

निकाल त्याच दिवशी टीपीओंच्या हातात लेखी द्या, सहा नावं आणि वेटिंगची तीन, क्रमाने. आणि ऑफर लेटर दहा दिवस म्हटलं तर दहा दिवसांतच, कारण कॉलेजने त्या पोरांना आता पुढच्या ड्राइव्हमधून काढलेलं असतं, त्यांच्या हातात कागद नसतो आणि घरचे रोज विचारत असतात. उशीर होणार असेल तर नवव्या दिवशी टीपीओ सरांना स्वतः फोन करून सांगा की अमुक तारखेला येतंय. मग जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात परीक्षेच्या सुमारास एकदा सहाही जणांशी मी बोलते, कुणी दुसरीकडे जायचं ठरवलं असेल तर ते तेव्हाच कळतं आणि वेटिंगमधल्या पोराला जूनच्या आधी सांगता येतं.